जोत्याच्या चरांसाठी वाळवीप्रतिबंधक औषध किती लागेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाया खोदून झाला की पीसीसी, म्हणजे पायाखालचे साधे काँक्रीट, टाकण्याआधी चराला वाळवीचे औषध मारायचे असते. हे काम अर्ध्या दिवसाचे असते, आणि एकदा पीसीसी पडली की त्या जागी पुन्हा हात पोचत नाही. म्हणून औषध किती लागेल हे आदल्या दिवशीच कागदावर काढलेले असावे. मालक आणि साइटवर नव्याने आलेले इंजिनिअर याबद्दल जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. सगळा हिशेब एकाच घरावर केला आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील.

चराला औषधाचा दर काय धरायचा?

बांधकामापूर्वीच्या वाळवी प्रतिबंधासाठी आपल्याकडे आयएस ६३१३ भाग २ हे मानक वापरतात. त्यात चराचा तळ आणि तळापासून सुमारे ३०० मिलिमीटर उंचीपर्यंतच्या बाजू यांना दर चौरस मीटरला ५ लिटर तयार द्रावण सांगितले आहे. कॉलमचे खड्डे आणि तळघराची खोदाई यांनाही हाच दर आहे.

यात दोन गोष्टी नीट लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे हे ५ लिटर पाण्यात मिसळलेल्या द्रावणाचे आहेत, डब्यातल्या मूळ औषधाचे नाहीत. दुसरी म्हणजे चौरस मीटर मोजायचा तो औषध ज्या मातीवर प्रत्यक्ष पडणार तिचा. घराच्या नकाशावरचे जोत्याचे क्षेत्रफळ इथे कामाचे नाही. बहुतेक घोळ याच दुसऱ्या गोष्टीत होतो, म्हणून त्यावर पुढे वेगळे लिहिले आहे.

बाजूंना ३०० मिलिमीटरच का? चर तर चार फूट खोल आहे.

कारण वरच्या भागाची पाळी नंतर येते. चरात पीसीसी पडते, त्यावर दगडाचे किंवा विटांचे बांधकाम येते आणि मग दोन्ही बाजूंनी माती भरतात. त्या भरावाला बांधकामालगत वेगळे औषध द्यायचे असते आणि त्याचा दर दर चौरस मीटर उभ्या पृष्ठभागाला ७.५ लिटर असा जास्त आहे. म्हणजे तळाच्या टप्प्यात पायाखाली औषधी मातीचे उथळ ताट तयार होते आणि भरावाच्या टप्प्यात भिंतीच्या दोन्ही अंगांना तशाच मातीचे उभे पडदे लागतात. ताटाचे काठ आणि पडदे जुळले पाहिजेत, तेवढ्यासाठी ३०० मिलिमीटर.

चराच्या बाजू वरपर्यंत भिजवून कोणी जास्त औषध वापरल्याचे सांगत असेल, तर ते औषध भिंतीपासून दूर, कोऱ्या मातीत गेलेले असते. त्याने भरावाचा टप्पा वाचत नाही.

क्षेत्रफळ कसे काढायचे? एखादे उदाहरण द्या.

एक साधे भारवाही भिंतींचे घर घेऊ. सेंटरलाइनने लांबी ९ मीटर, रुंदी ६ मीटर, आणि मधोमध ६ मीटरची एक आडवी भिंत, म्हणजे दोन सारख्या खोल्या. चराची रुंदी ०.९ मीटर, खोली १.२ मीटर.

आधी चराची लांबी. बाहेरचा चौकोन २ × (९ + ६) = ३० मीटर. मधली भिंत ६ मीटर. बेरीज ३६ मीटर. पण मधला चर बाहेरच्या चराला जिथे मिळतो तिथे चराची अर्धी रुंदी दोन वेळा मोजली जाते. असे दोन सांधे आहेत, म्हणून २ × ०.४५ = ०.९ मीटर वजा. निव्वळ लांबी ३५.१ मीटर.

तळाचे क्षेत्रफळ = ३५.१ × ०.९ = ३१.५९ चौरस मीटर.

आता बाजू. चराला दोन काठ, म्हणून ३५.१ × २ = ७०.२ मीटर. मात्र दोन चर मिळतात त्या तोंडाशी बाहेरच्या चराचा आतला काठ ०.९ मीटर उघडा असतो, तिथे मातीची भिंतच नसते. दोन तोंडे, म्हणून १.८ मीटर वजा. उरले ६८.४ मीटर.

बाजूंचे क्षेत्रफळ = ६८.४ × ०.३ = २०.५२ चौरस मीटर.

एकूण = ३१.५९ + २०.५२ = ५२.११ चौरस मीटर.
द्रावण = ५२.११ × ५ = २६०.५५ लिटर, म्हणजे २६१ लिटर.

हिशेबाची खात्री दुसऱ्या वाटेने करता येते, आणि ती जरूर करावी. खोदाईचा बाहेरचा चौकोन ९.९ × ६.९ मीटर. आत मातीचे दोन न खोदलेले तुकडे राहतात, प्रत्येकी ३.६ × ५.१ मीटर. बाहेरच्या चौकोनाचे क्षेत्रफळ ६८.३१, त्यातून दोन तुकड्यांचे ३६.७२ वजा केले की ३१.५९ येते. तळ जुळला. काठांसाठी बाहेरचा परीघ ३३.६ आणि दोन तुकड्यांचे परीघ १७.४ अधिक १७.४. बेरीज ६८.४. तीही जुळली. घराचा आकार वाकडातिकडा असेल तेव्हा मला ही दुसरी वाटच जास्त भरवशाची वाटते, कारण तिच्यात सांधे मोजायची भानगड नसते.

नकाशातले माप घ्यायचे की जागेवरचे?

जागेवरचे. अंदाजपत्रकासाठी नकाशा चालतो, पण औषध कालवण्याआधी चर टेपने मोजावा. भुसभुशीत मातीत चराच्या कडा ढासळतात आणि ०.९ मीटरचा चर १.०५ मीटरचा झालेला असतो. दर धावत्या मीटरला आधी ०.९ + ०.६ = १.५ चौरस मीटर होते, आता १.०५ + ०.६ = १.६५ झाले. द्रावण ७.५ लिटरवरून ८.२५ लिटरवर गेले, म्हणजे दहा टक्के वाढ. जेसीबीने खोदले असेल तर तर जागेवर मोजल्याशिवाय हिशेब करूच नये.

२६१ लिटर द्रावणासाठी डब्यातले औषध किती?

हे डब्यावरच्या टक्केवारीवर अवलंबून आहे. साइटवर तीन औषधे प्रामुख्याने दिसतात. त्यांच्या नावातला आकडा ही डब्यावरची टक्केवारी; ईसी म्हणजे पाण्यात दुधासारखे मिसळणारे तेलकट औषध आणि एससी म्हणजे बारीक कण तरंगत असलेले दाट औषध.

क्लोरपायरीफॉस २० ईसी: द्रावण १ टक्क्याचे हवे. २० टक्क्यांचे १ टक्का करायचे म्हणजे वीस पट पातळ, १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. आपल्या घराला २६१ ÷ २० = १३.०५ लिटर औषध आणि सुमारे २४८ लिटर पाणी. खरेदी १४ लिटरची करावी.

बायफेन्थ्रिन २.५ ईसी: द्रावण ०.०५ टक्क्याचे, म्हणजे पन्नास पट पातळ. २६१ ÷ ५० = ५.२२ लिटर औषध.

इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी: द्रावण ०.०७५ टक्क्याचे. लेबलवर लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर असे प्रमाण असते. २६१ × २.१ = ५४८ मिलिलिटर.

सर्वसाधारण सूत्र असे:

```
मूळ औषध (लिटर) = एकूण द्रावण (लिटर) × हवी ती टक्केवारी ÷ डब्यावरची टक्केवारी
```

हे सूत्र ईसी औषधांना सरळ लागू पडते. इमिडाक्लोप्रिडला लावले तर ६४० मिलिलिटरच्या आसपास उत्तर येते आणि माणूस गोंधळतो. तिथे ३०.५ टक्के हे वजनाने दिलेले असतात आणि ते औषध पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे एका लिटरमध्ये सुमारे ३५० ग्रॅम सक्रिय घटक भरतो. अशा वेळी लेबलवरचे मिलिलिटर प्रमाणच धरावे. क्लोरपायरीफॉस ५० टक्क्यांचेही मिळते. ते आणले असेल तर १९ पट पाण्याचा पाठ असलेला हिशेब चालणार नाही, १ लिटरला ४९ लिटर पाणी लागेल. म्हणून कालवणाऱ्याच्या हातात डबा देण्याआधी त्यावरचा आकडा स्वतः वाचावा, आणि लेबलवर इमारतीतल्या वाळवीसाठी वापर लिहिलेला आहे ना तेही बघावे. शेतीच्या दुकानातून आणलेल्या डब्यावर तो असेलच असे नाही.

जुन्या अंदाजपत्रकांत आणि पाठ्यपुस्तकांत अल्ड्रिन, हेप्टाक्लोर, क्लोरडेन, लिंडेन ही नावे सापडतात. ती औषधे आता बंद आहेत. त्यांची प्रमाणे उचलून आजच्या औषधाला लावू नयेत.

कंत्राटदार जोत्याच्या क्षेत्रफळावर भाव देतो. मग औषधही त्यावरच काढायचे ना?

नाही. याच ठिकाणी लोक फसतात, बऱ्याचदा दोन्हीकडचे.

सरकारी कामांच्या दरसूचीत या कामाची बाब तळमजल्याच्या जोत्याच्या क्षेत्रफळावर मोजतात. त्या एका चौरस मीटरच्या भावात चर, भराव, जोत्याच्या मातीचा वरचा थर, भिंत आणि फरशीचा सांधा आणि घराची बाहेरची कड असे सगळे टप्पे धरलेले असतात. खासगी कंत्राटदारही तीच पद्धत चौरस फुटात वापरतात. बिलासाठी ती सोयीची आहे. पण ते बिलाचे क्षेत्रफळ झाले. औषध पडते ते वेगळ्या पृष्ठभागांवर, आणि त्यांची बेरीज जोत्याच्या क्षेत्रफळाच्या कितीतरी पट होते.

आपल्याच घराचे पाहू. पीसीसीवर ०.४५ मीटर जाडीचे दगडी बांधकाम धरले तर जोते बाहेरून ९.४५ × ६.४५ मीटर, म्हणजे सुमारे ६१ चौरस मीटर, ६५६ चौरस फूट. कोणी म्हणाले ६१ × ५ = ३०५ लिटर द्रावण, झाले काम. चरांना लागणाऱ्या २६१ लिटरच्या जवळचाच आकडा आल्यामुळे तो पटतोही. पण सगळ्या टप्प्यांचा हिशेब असा होतो:

चराचा तळ आणि बाजू: २६१ लिटर.

भराव: बाहेरचा परीघ ३१.८ मीटर आणि दोन खोल्यांच्या आतले परीघ मिळून ३८.४ मीटर, एकूण ७०.२ मीटर. पीसीसी १५० मिलिमीटर जाड आणि चराच्या पूर्ण रुंदीची, म्हणून भरावालगतची उंची १.०५ मीटर. ७०.२ × १.०५ × ७.५ = ५५३ लिटर.

जोत्यातल्या भरणीचा वरचा पृष्ठभाग: दोन खोल्या, प्रत्येकी ४.०५ × ५.५५ मीटर, ५ लिटरच्या दराने २२५ लिटर.

भिंत आणि फरशीचा सांधा: जोत्याची उंची ०.४५ मीटर धरून ३८.४ × ०.४५ × ७.५ = १३० लिटर.

बाहेरची कड, ३०० मिलिमीटर खोलीपर्यंत: ३१.८ × ०.३ × ७.५ = ७२ लिटर.

बेरीज १,२४१ लिटर. क्लोरपायरीफॉस २० ईसी असेल तर ६२ लिटर औषध. या घरापुरते बोलायचे तर जोत्याच्या दर चौरस मीटरला साधारण एक लिटर मूळ औषध पडले. ३०५ लिटर द्रावण म्हणजे गरजेचा चौथा हिस्सा. भाव ठरवताना कंत्राटदाराला एवढेच विचारावे, 'साहेब, एकूण किती लिटर औषध धरलेत?' उत्तर १५ लिटर आले तर तो फक्त चरांचा, किंवा फक्त जोत्याच्या वरच्या थराचा हिशेब आहे हे तिथेच कळते.

फक्त तळाला मारले तर काय बिघडते?

आपल्या घरात तळाचे ३१.५९ × ५ = १५८ लिटर होतात. म्हणजे १०३ लिटर द्रावण वाचले, जवळजवळ चाळीस टक्के. घाईच्या कामात हीच काटछाट सर्वांत जास्त होते, कारण पीसीसी पडल्यावर ती दिसत नाही.

आपल्याकडची इमारतीला लागणारी वाळवी बहुतेक जमिनीतली असते. ती ओलाव्यासाठी मातीशी संबंध ठेवून वर चढते आणि कोरड्या जागी मातीची नळी बांधून तिच्यातून जाते. औषधी मातीचा थर कुठे तुटलेला असेल तर ती नेमकी तिथून येते. तळ भिजला आणि बाजू कोरड्या राहिल्या की पीसीसीच्या कडेने वर यायला मोकळी पट्टी मिळते. पुढे भरावाचे औषध नीट दिले तरी ते बांधकामालगत दिलेले असते, खाली पीसीसीच्या कडेला त्याची आणि तळाची गाठ पडतेच असे नाही.

औषध पुरेसे पडले हे चराजवळ उभे राहून कसे ओळखायचे?

याला एक सोपी पद्धत आहे, आणि ती कोणालाही करता येते.

आपल्या चराच्या दर धावत्या मीटरला १.५ चौरस मीटर पृष्ठभाग येतो. ५ लिटरच्या दराने मीटरला ७.५ लिटर. पाठीवरचा पंप १५ लिटर भरला तर तो बरोबर २ मीटर चराला पुरायला हवा. म्हणून चराच्या काठावर दर २ मीटरला चुन्याची खूण करायची. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक पंप रिकामा झाला पाहिजे. माणूस दोन खुणा ओलांडून तिसऱ्यापर्यंत गेला आणि पंपात अजून द्रावण हलते आहे, तर तो निम्म्या दराने चालला आहे. त्याला परत फिरवायचे. क्लोरपायरीफॉस २० ईसी असेल तर १५ लिटरच्या पंपात ७५० मिलिलिटर औषध, बाकी पाणी. अख्ख्या कामाला साधारण साडेसतरा पंप व्हायला हवेत. काठावर बसून वहीत रेघा मारल्या तरी पुरते.

माझ्या मते ही खुणांची पद्धत हमीपत्रापेक्षा मोलाची आहे. तिच्यात वाद घालायला जागा राहत नाही.

दुसरी खूण द्रावणाची. क्लोरपायरीफॉस ईसी पाण्यात पडले की दुधासारखे पांढरे होते आणि त्याचा उग्र वास येतो. पाणी नुसते धुरकट दिसत असेल तर औषध कमी पडले आहे. इमिडाक्लोप्रिडला मात्र रंगावरून किंवा वासावरून काही सांगता येत नाही, तिथे मोजमापच बघावे. तिसरी गोष्ट डब्यांची. सील तुमच्या समोर फोडायला सांगावे आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत साइटवरच ठेवावेत. १४ लिटर औषध लागणार असताना ५ लिटरचा एकच डबा रिकामा निघाला, तर पुढचे बोलणे सोपे होते.

५ लिटर ओतले तर माती किती खोल भिजते? काळ्या मातीत नुसते तळे साचते.

एका चौरस मीटरवर ५ लिटर म्हणजे ५ मिलिमीटर पाण्याचा थर. कोरड्या मुरमात तो बघता बघता जिरतो आणि माती काही सेंटिमीटर ओली होते. काळी माती पाणी सावकाश घेते. तिच्यावर एकदम ५ लिटर टाकले तर ते उताराकडे पळते, चराच्या एका टोकाला साचते आणि दुसरे टोक कोरडे राहते. दर तोच ठेवायचा, पण दोन किंवा तीन हातांत द्यायचे: पहिला हात जिरला की दुसरा. तळाला कडक पट्टा लागला असेल तर पहारीने उथळ भोके पाडून घ्यावीत. 'माती घेत नाही म्हणून कमी मारले' हे उत्तर मान्य करू नये.

साचलेले द्रावण जिरल्याशिवाय पीसीसी टाकू नये. आणि तळाला दगडी सोलिंग असेल तर औषध सोलिंगच्या आधी, मातीवर मारायचे. सोलिंगच्या दगडांवर मारलेले द्रावण दगडांच्या पोकळीतून वाट मिळेल तिकडे जाते.

पावसाळ्यात काम आले तर?

पाऊस पडत असताना किंवा माती पावसाने वा जमिनीतल्या पाण्याने ओलीचिंब असताना औषध मारायचे नाही, असे मानकच सांगते. कारण उघड आहे. मातीच्या पोकळीत आधीच पाणी भरलेले असेल तर द्रावण आत जायला जागाच नसते.

कोकणात जून ते सप्टेंबर हा नियम पाळणे कठीण जाते. चरात पाणी साचले असेल तर ते उपसायचे, वरचा चिखल काढून टाकायचा आणि निदान तळ वाफसा होईपर्यंत थांबायचे. चरावर ताडपत्री टाकून ठेवली तर ही वाट बघणे कमी होते. औषध मारल्यावर पीसीसीआधी जोरदार सर आली आणि चर भरला, तर आधीचे २६१ लिटर गेले असे समजून पूर्ण दराने पुन्हा मारावे लागते. तेव्हा औषध आणि पीसीसी यांत रात्र जाऊ न देणे सगळ्यांत बरे: सकाळी फवारणी, दुपारी काँक्रीट.

भरावाला औषध कसे विभागायचे? ५५३ लिटर एकदम द्यायचे का?

एकदम दिले तर वरची माती भिजेल आणि खालची कोरडी राहील. भराव १५० मिलिमीटरच्या थरांनी करा. आपल्या घरात १.०५ मीटर उंचीचे सात थर होतात. प्रत्येक थराला ७०.२ × ०.१५ × ७.५ = ७९ लिटर. धावत्या मीटरमागे, भिंतीच्या एका बाजूला, एका थराला सव्वा लिटरपेक्षा थोडे कमी. थर टाकला, धुम्मसने ठोकला, आणि नळी मातीकडे न धरता भिंतीकडे रोखून द्रावण दिले की ते बांधकामाच्या अंगाने खाली उतरते.

माती बसवायला पाणी मारणार असाल तर क्रम बदलतो. आधी पाणी आणि ठोकणी, मग भिंतीला लागून दर १५० मिलिमीटरला एक अशी सळईने भोके, आणि त्यांतून त्याच दराने औषध. औषध आधी आणि पाणी नंतर केले तर औषध वाहून जाते.

सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सिमेंटच्या गोण्या, झाडांची मुळे यांतले काहीही भरावात राहू देऊ नये. पायालगत लाकूड पुरून ठेवणे म्हणजे वाळवीला खाद्य देणे.

आमचे घर आरसीसी फ्रेमचे आहे, चर नाहीत, कॉलमचे खड्डे आहेत. हिशेब बदलतो का?

पहिला टप्पा तसाच राहतो. १.५ × १.५ मीटरचा खड्डा असेल तर तळ २.२५ आणि बाजू ६ × ०.३ = १.८, मिळून ४.०५ चौरस मीटर. एका खड्ड्याला २०.२५ लिटर, बारा खड्ड्यांना २४३ लिटर.

दुसऱ्या टप्प्यात सवलत मिळते. काँक्रीट दाट असल्यामुळे कॉलम आणि प्लिंथ बीमच्या लगतच्या मातीला जमिनीच्या पातळीखाली ५०० मिलिमीटरपासून वरच औषध द्यायचे, दर तोच ७.५ लिटर. दोन कॉलमांमध्ये विटांची भिंत पायापासून उचललेली असेल तर त्या भागाला मात्र ही सवलत लावू नये, तिथे चर धरूनच हिशेब करावा.

चौरस फुटात दर सांगा ना.

दर चौरस मीटरला ५ लिटर म्हणजे दर चौरस फुटाला ४६५ मिलिलिटर. आपल्या चरांचे ५२.११ चौरस मीटर म्हणजे ५६१ चौरस फूट, त्याचेही २६१ लिटरच येतात. फूट आणि मीटर एकाच कागदावर मिसळू नका. लांबी फुटांत, रुंदी फुटांत आणि दर चौरस मीटरचा, अशा कागदावरून दहापट औषध मागवले जाते.

अंगणात विहीर आहे. काळजी काय घ्यायची?

विहीर, आड किंवा बोअर जवळ असेल तर औषध मारण्याआधी संबंधित जाणकाराला जागा दाखवून घ्या. पाणी चराच्या तळाशी लागत असेल, किंवा चराचे पाणी विहिरीकडे झिरपताना दिसत असेल, तर तिथे फवारणी करू नये. उरलेले द्रावण गटारात किंवा ओढ्यात ओतायचे नाही, म्हणून शेवटचा पंप हिशेबाने भरायचा. फवारणाऱ्याच्या हातात रबरी मोजे, पायात गमबूट आणि तोंडावर मास्क असलाच पाहिजे. कालवलेले औषध बादलीत उघडे ठेवून जेवायला जाऊ नये. रिकामा डबा कोणी पाण्यासाठी घरी नेऊ नये म्हणून त्याला भोके पाडून ठेवावीत.

औषध मारून झाल्यावर प्लंबरने पाइपसाठी माती उकरली. आता सगळे पुन्हा करायचे?

सगळे नाही, पण उकरलेला भाग नक्की. औषधी माती एकदा हलली की थर तुटला. पीसीसीच्या आधी चराचा अर्धा मीटर पुन्हा घासला गेला असेल तर तळ ०.९ × ०.५ = ०.४५ आणि बाजू २ × ०.५ × ०.३ = ०.३, मिळून ०.७५ चौरस मीटर. त्याला ३.७५ लिटर द्रावण.

भराव झाल्यावर उकरले असेल तर उभा पृष्ठभाग मोजा. पाइपसाठी भिंतीलगत ०.५ मीटर रुंद आणि ०.६ मीटर खोल उकरले, तर एका बाजूला ०.३ चौरस मीटर आणि २.२५ लिटर. पाइप भिंतीच्या आरपार गेला असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ४.५ लिटर: क्लोरपायरीफॉस २० ईसी २२५ मिलिलिटर आणि पाणी सव्वाचार लिटरच्या किंचित वर. पाइप बसवून झाल्यावर त्याच्याभोवतीची माती थराथराने परत भरताना हे द्रावण द्यायचे. त्यासाठी मूळ खरेदीतले लिटरभर औषध सीलबंद राखून ठेवा आणि प्लंबरला आधीच सांगून ठेवा, की माती उकरली तर बुजवण्यापूर्वी बोलवायचे.